शेवटची जादा फेरी

संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात अल्गोरिदम हा विषय आला की एक असाइनमेंट हमखास मिळते. एक नकाशा दिलेला असतो. त्यात काही ठिकाणं, त्यांना जोडणारे एकेरी रस्ते आणि प्रत्येक रस्त्यावर लिहिलेला एक आकडा. ठिकाणांना नोड म्हणतात, रस्त्यांना एज आणि आकड्याला वेट. एका ठिकाणाहून निघून बाकी प्रत्येक ठिकाणी पोचायला कमीत कमी किती खर्च येईल, ते काढायचं. इथवर काही विशेष नाही. पण आकड्यांपैकी काही उणे असतात आणि प्रश्नाच्या शेवटी एक ओळ असते: उत्तर काढणंच शक्य नसेल तर तसं सांगा आणि कारण दाखवा. या असाइनमेंटचं खरं मर्म त्या शेवटच्या ओळीत आहे.

रस्त्याचा आकडा उणे कसा असेल, हा पहिला प्रश्न रास्त आहे. अंतर उणे नसतं, वेळही नसतो. पण पैसा उणे असू शकतो. समजा एक ट्रकवाला पुण्याहून निघतो. प्रत्येक टप्प्याला डिझेल आणि टोलचा खर्च आहे, आणि माल मिळाला तर भाडंही मिळतं. खर्चातून भाडं वजा केलं की त्या टप्प्याचा आकडा मिळतो. भाडं खर्चापेक्षा जास्त मिळालं की आकडा उणे होतो, म्हणजे त्या टप्प्यावर ट्रकवाल्याच्या खिशात पैसे येतात.

हिशेबासाठी चार गावं घेऊ आणि आकडे हजार रुपयांत मानू. पुणे ते नगर ५, पुणे ते नाशिक ७, नाशिक ते नगर उणे ४ आणि नगर ते संभाजीनगर ३. आकडे कल्पित आहेत, पण उदाहरण मुद्दाम असं निवडलं आहे की सगळ्या अडचणी त्यात दिसाव्यात.

बहुतेक विद्यार्थ्यांचा हात आधी डाइक्स्ट्राच्या पद्धतीकडे जातो. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी ती १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. तिचं तत्त्व सोपं आहे. आतापर्यंत हाती आलेल्या गावांपैकी सर्वांत स्वस्त गाव निवडायचं, त्याचा आकडा कायम करायचा आणि तिथून पुढचे रस्ते बघायचे. आपल्या नकाशात पुण्याहून नगर ५ आणि नाशिक ७. नगर स्वस्त, म्हणून ते ५ वर कायम झालं. नगरहून संभाजीनगर ५ अधिक ३ म्हणजे ८. मग नाशिक ७ वर कायम झालं. आणि आता कळतं की नाशिकहून नगरला ७ वजा ४, म्हणजे फक्त ३ हजारांत पोचता येतं. पण नगरचा निकाल तर आधीच लागून गेला आहे.

एकदा स्वस्त ठरलेलं गाव पुढे आणखी स्वस्त होणार नाही, या गृहीतकावर डाइक्स्ट्राची सगळी इमारत उभी आहे. रस्ते उणे नसतील तर ते बरोबरच आहे, कारण लांबून वळसा घालून आलेला रस्ता खर्च वाढवतो, कमी करत नाही. उणे रस्ता आला की हा आधार जातो. काही प्रोग्राम्समध्ये याचा आणखी फसवा प्रकार दिसतो. नगरचा आकडा ५ चा ३ होतो, पण नगर आधीच हाताळून झालेलं असल्यामुळे तिथून पुढचे रस्ते पुन्हा बघितले जात नाहीत. मग उत्तरात नगर ३ आणि संभाजीनगर ८ असं छापून येतं. खरं उत्तर ३ आणि ६ आहे. नगरपुढे ३ हजारांचा रस्ता आहे हे माहीत असूनही दोन आकड्यांत ५ चा फरक दिसतो. छापलेल्या उत्तरात एखाद्या रस्त्याच्या दोन टोकांमध्ये त्या रस्त्याच्या वेटपेक्षा जास्त फरक दिसला, की चूक तिथेच पकडावी.

दुसरी युक्ती हुशार मुलांना सुचते. सगळ्यांत उणे आकडा उणे ४ आहे ना, मग प्रत्येक रस्त्यात ४ मिळवा. सगळे आकडे शून्य किंवा अधिक होतील, मग डाइक्स्ट्रा चालवा आणि शेवटी मिळवलेलं वजा करा. करून पाहू. पुणे ते नगर ९, पुणे ते नाशिक ११, नाशिक ते नगर ०. आता थेट नगरला ९ आणि नाशिकमार्गे ११. थेट रस्ता जिंकला, जो खरं तर महाग आहे. असं होण्याचं कारण म्हणजे दोन टप्प्यांच्या वाटेत ४ दोनदा मिळाले आणि एका टप्प्याच्या वाटेत एकदाच. सरसकट रक्कम मिळवली की जास्त टप्प्यांच्या वाटांना दंड बसतो आणि आपला प्रश्नच बदलून जातो.

यावरचा खरा उपाय डाइक्स्ट्राइतकाच जुना आहे. १९५५ ते १९५८ या काळात अल्फोन्सो शिंबेल, लेस्टर फोर्ड, एडवर्ड मूर आणि रिचर्ड बेलमन अशा चौघांच्या लेखनात तो वेगवेगळ्या वाटांनी आला. आज पाठ्यपुस्तकं त्याला बेलमन-फोर्ड म्हणतात. त्यात कोणतंही गाव घाईने कायम करत नाहीत. सुरुवातीला पुण्याला ० आणि बाकी सगळ्यांना ‘अनंत’ लिहायचं. मग यादीतले सगळे रस्ते एकामागून एक तपासायचे. एखाद्या रस्त्याने गेल्यास पुढच्या गावाचा आकडा कमी होत असेल तर कमी करायचा. याला रस्ता रिलॅक्स करणं म्हणतात. सगळे रस्ते एकदा तपासून झाले की एक फेरी झाली. अशा फेऱ्या करत राहायचं.

किती फेऱ्या? मुद्दाम सर्वांत वाईट क्रम घेऊन बघू. यादीत पहिला नगर ते संभाजीनगर, मग नाशिक ते नगर, मग पुणे ते नाशिक आणि शेवटी पुणे ते नगर. पहिल्या फेरीत पहिले दोन रस्ते वाया जातात, कारण त्यांच्या सुरुवातीची गावं अजून अनंतावर आहेत. शेवटच्या दोन रस्त्यांमुळे नाशिक ७ आणि नगर ५ होतं. दुसऱ्या फेरीत संभाजीनगर ८ होतं आणि नगर ५ वरून ३ वर येतं. तिसऱ्या फेरीत नगरच्या नव्या ३ मुळे संभाजीनगर ६ होतं. चौथी फेरी केली तर काहीच हलत नाही. गावं चार आणि फेऱ्या लागल्या तीन.

हा योगायोग नाही. पुण्याहून संभाजीनगरची सर्वांत स्वस्त वाट पुणे, नाशिक, नगर, संभाजीनगर अशी तीन रस्त्यांची आहे. प्रत्येक फेरीत त्या वाटेवरचा निदान पुढचा एक रस्ता योग्य आकड्यासह पक्का होतो, यादीचा क्रम कसाही असो. चार गावांत एकही गाव दोनदा न घेता जास्तीत जास्त तीन रस्त्यांची वाट होते. आणि गाव दोनदा घेण्याची गरज कधी पडेल? वाटेत एक चक्कर मारून पुन्हा त्याच गावी आल्यावर खर्च कमी होत असेल तरच. तशी चक्कर नसेल तर ती वाटेतून काढून टाकली तरी तोटा होत नाही. म्हणून n गावांसाठी n वजा १ फेऱ्या पुरतात.

आता असाइनमेंटच्या शेवटच्या ओळीकडे येऊ. नकाशात आणखी एक रस्ता घाला: संभाजीनगर ते नाशिक, उणे १. आता नाशिक, नगर, संभाजीनगर आणि परत नाशिक अशी चक्कर मारता येते. तिचा हिशेब उणे ४, अधिक ३, उणे १, म्हणजे उणे २. प्रत्येक चकरेला दोन हजार रुपये खिशात. दहा चकरा मारल्या तर वीस हजार, शंभर मारल्या तर दोन लाख. मग पुण्याहून नगरला जायचा कमीत कमी खर्च किती? कोणतंही उत्तर द्या, आणखी एक चक्कर मारून त्यापेक्षा कमी करता येतं. कमीत कमी असा आकडाच उरत नाही. अशा चकरेला निगेटिव्ह सायकल म्हणतात. ती सापडली की उत्तर काढता येत नाही असं नुसतं सांगून भागत नाही, चक्करही दाखवावी लागते.

ती ओळखायची रीत म्हणजे एक जादा फेरी. नवा रस्ता यादीत शेवटी ठेवून पुन्हा हिशेब करू. पहिल्या फेरीनंतर नाशिक ७, नगर ५. दुसरीत संभाजीनगर ८, नगर ३. नव्या रस्त्याने नाशिक ८ वजा १ म्हणजे ७ होतं, तेवढंच आहे, बदल नाही. तिसरीत संभाजीनगर ६ आणि मग नाशिक ५. चार गावांसाठी तीन फेऱ्या झाल्या, सगळं स्थिर व्हायला हवं. पण चौथ्या फेरीत नाशिक ते नगर तपासताना ५ वजा ४ म्हणजे १ येतं आणि नगर ३ वरून १ वर उतरतं. स्थिर व्हायला हवी होती ती पाटी पुन्हा हलली. याचा अर्थ निगेटिव्ह सायकल आहे.

ही खूण कधी चुकणार तर नाही ना, अशी शंका घेणाऱ्या विद्यार्थ्याचं मला नेहमी कौतुक वाटतं. तिचं समाधान तीन ओळींत होतं. समजा चक्कर उणे आहे, तरीही जादा फेरीत काहीच हललं नाही. मग चकरेतल्या प्रत्येक रस्त्याबद्दल असं म्हणता येईल की पुढच्या गावाचा आकडा हा मागच्या गावाचा आकडा अधिक वेट यापेक्षा जास्त नाही. नगर जास्तीत जास्त नाशिक उणे ४, संभाजीनगर जास्तीत जास्त नगर अधिक ३, नाशिक जास्तीत जास्त संभाजीनगर उणे १. तिन्ही विधानांची बेरीज करा. डावीकडे तिन्ही गावांचे आकडे आले, उजवीकडेही तेच तीन आले आणि सोबत चकरेची बेरीज उणे २. दोन्हीकडून गावं वजा केली की शून्य हे उणे २ पेक्षा जास्त नाही असं निघतं, आणि ते खोटं आहे. म्हणजे काहीतरी हललंच पाहिजे.

पायथनमध्ये एवढंच लिहावं लागतं:

```
d[s] = 0
for i in range(n):
    badal = -1
    for u, v, w in edges:
        if d[u] != INF and d[u] + w < d[v]:
            d[v] = d[u] + w
            p[v] = u
            badal = v
    if badal == -1:
        break
```

बाहेरचं लूप `n` वेळा आहे, `n - 1` वेळा नाही. ती शेवटची जादा फेरी यातच आली. लूप संपल्यावर `badal` मध्ये `-1` नसेल तर निगेटिव्ह सायकल आहे. एखाद्या फेरीत काहीच हललं नाही तर लगेच थांबता येतं, म्हणून साध्या नकाशावर हा प्रोग्राम बराच लवकर संपतो. सर्वांत वाईट परिस्थितीत मात्र गावांची संख्या गुणिले रस्त्यांची संख्या इतकं काम होतं. हजार गावं आणि दहा हजार रस्ते असतील तर एक कोटी तपासण्या होतात.

त्या `if` मधली `d[u] != INF` ही अट बरेच जण गाळतात. अनंत म्हणून प्रोग्राममध्ये सहसा शंभर कोटीसारखा मोठा आकडा लिहिलेला असतो. शंभर कोटी वजा ४ हे शंभर कोटींपेक्षा कमीच, त्यामुळे जिथे पुण्याहून पोचताच येत नाही अशी गावंसुद्धा ‘स्वस्त’ होऊ लागतात. उत्तरात ९९९९९९९९६ असा आकडा दिसला की हीच अट विसरली आहे, हे समजून घ्यावं.

याच्याशी जोडलेला एक गैरसमज प्रश्न नीट न वाचल्यामुळे होतो. पुण्याहून सुरू केलेली पद्धत फक्त पुण्याहून पोचता येणाऱ्या चकरा पकडते. नकाशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात निगेटिव्ह सायकल असेल आणि पुण्याहून तिकडे रस्ताच नसेल, तर पुण्यापुरतं उत्तर बिनचूक आहे आणि ‘सायकल नाही’ असं सांगणंही बरोबर आहे. पण प्रश्न ‘संपूर्ण ग्राफमध्ये कुठेही सायकल आहे का’ असा असेल तर हेच उत्तर चूक ठरतं. तेव्हा सुरुवातीला सगळ्याच गावांना ० लिहायचं. नकाशाबाहेर एक जादा गाव मानून तिथून प्रत्येक गावाला शून्य खर्चाचा रस्ता आहे असं समजल्यासारखंच ते होतं. मग एकही कोपरा सुटत नाही.

सर्वांत जास्त मार्क जातात ते चक्कर छापताना. प्रोग्राममध्ये `p[v]` हे प्रत्येक गावाचा ‘आधीचा’ टप्पा लक्षात ठेवतं, म्हणजे त्या गावाचा आकडा शेवटचा कमी झाला तो कोणत्या गावाहून आल्यामुळे. जादा फेरीत जे गाव हललं, तिथून मागे मागे जायचं आणि पुन्हा तेच गाव आलं की थांबायचं, असं विद्यार्थी लिहितात. पण हललेलं गाव चकरेवरच असेल अशी खात्री नसते.

आपल्याच नकाशात बीड घाला, नगर ते बीड २, आणि हा रस्ता यादीत सर्वांत वर ठेवा. आता गावं पाच, म्हणून जादा फेरी पाचवी. चौथ्या फेरीअखेर नगर १ वर आहे आणि बीड ५ वर. पाचवी फेरी सुरू होताच पहिलाच रस्ता तपासताना बीड ३ होतं. पहिला बदल दिसताच थांबणारा प्रोग्राम बीड हातात घेऊन थांबतो. बीडहून तर बाहेर जाणारा एकही रस्ता नाही, ते चकरेवर असणंच शक्य नाही. बीडहून मागे जात राहिलं तर नगर, नाशिक, संभाजीनगर, नगर, नाशिक असं फिरत राहतं आणि बीड पुन्हा कधीच येत नाही. प्रोग्राम अडकून पडतो आणि विद्यार्थी रात्रभर चूक शोधत बसतो.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे. हललेल्या गावापासून आधी n वेळा मागे जायचं. चकरेकडे नेणारं शेपूट कितीही लांब असलं तरी n पावलांत ते संपतं आणि आपण नक्की चकरेवर येतो. बीडहून पाच पावलं मागे गेलं की नाशिक येतं. आता नाशिक लक्षात ठेवून मागे जायचं: संभाजीनगर, नगर, नाशिक. मागून मोजल्यामुळे हा क्रम उलटा आहे. तो उलटवून छापायचा: नाशिक, नगर, संभाजीनगर, नाशिक.

बीडच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. निगेटिव्ह सायकल सापडली म्हणून सगळीच उत्तरं बाद होत नाहीत. पुण्याचा आकडा ० च राहतो, कारण चकरेतून पुण्याला परत येणारा रस्ता नाही. चकरेवरची तीन गावं आणि चकरेतून पुढे पोचता येणारं बीड, एवढ्यांचंच उत्तर ‘उणे अनंत’ असतं. असाइनमेंटमध्ये प्रत्येक गावाचं उत्तर वेगळं मागितलं असेल तर हा फरक दाखवावाच लागतो.

नकाशातले रस्ते दुहेरी असतील तर मात्र आधीच सावध व्हावं. दुहेरी रस्त्याचा आकडा उणे ४ असेल, तर त्याच रस्त्यावर पुढे-मागे केलं की उणे ८. एकच उणे दुहेरी रस्ता स्वतःच निगेटिव्ह सायकल होतो. आणि कुणी म्हणालं की ठीक आहे, कोणत्याही गावी दुसऱ्यांदा जायचं नाही, अशी अट घालून स्वस्त वाट काढा, तर प्रश्न एकदम वेगळ्या कोटीत जातो. निगेटिव्ह सायकल असलेल्या नकाशावर ही अट पाळून सर्वांत स्वस्त वाट झटपट काढणारी पद्धत कुणालाही माहीत नाही. संगणकशास्त्रात अशा प्रश्नांना एनपी-हार्ड म्हणतात. बेलमन-फोर्डमध्ये थोडा बदल करून तो सुटेल अशा आशेने बसू नये.

हे सगळं परीक्षेपुरतं नाही. चलनांच्या बाजारात प्रत्येक चलन हे नोड आणि प्रत्येक विनिमयदर हा रस्ता मानतात. पहिल्या चलनातून दुसऱ्यात २ चा दर, दुसऱ्यातून तिसऱ्यात ०.६ आणि तिसऱ्यातून परत पहिल्यात ०.८५ असेल, तर गुणाकार १.०२ येतो. शंभराचे एकशे दोन. दरांचा गुणाकार होतो आणि आपली पद्धत तर बेरीज करते, म्हणून प्रत्येक दराचा लॉगरिदम घेऊन त्याचं चिन्ह बदलतात. मग एकापेक्षा जास्त गुणाकार म्हणजेच निगेटिव्ह सायकल. इथे आकडे दशांशात असतात आणि संगणक ते किंचित गोल करतो. त्यामुळे नेमक्या १ गुणाकाराची निरुपद्रवी चक्करही कधीकधी उणे दिसते. म्हणून तुलना करताना ‘कमी आहे का’ असं न विचारता ‘अमुक एका बारीक फरकापेक्षा जास्त कमी आहे का’ असं विचारावं लागतं.

ट्रकच्या उदाहरणातही हाच विवेक हवा. प्रत्येक चकरेला दोन हजार मिळवून देणारा मार्ग प्रत्यक्षात कायम टिकत नाही, कारण माल संपतो आणि भाडं उतरतं. प्रोग्रामने निगेटिव्ह सायकल दाखवली तर एक तर खरी संधी सापडली आहे, नाही तर आकडे भरताना कुठेतरी चिन्ह चुकलं आहे. चकरेतले रस्ते समोर असल्याशिवाय यातलं काय झालं हे कळत नाही.

म्हणून ही असाइनमेंट सोडवणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगणं आहे. ‘निगेटिव्ह सायकल आढळली’ एवढं छापून थांबू नका. चकरेतली गावं क्रमाने छापा, प्रत्येक रस्त्याचा आकडा शेजारी लिहा आणि खाली बेरीज करा. ती बेरीज उणे आली तरच तुमचा प्रोग्राम बरोबर आहे, आणि तुमचं उत्तर तपासायला परीक्षकाला तुमच्या कोडची एक ओळही वाचावी लागणार नाही.